युरियाने दूध पांढरं होत नाही

ग्रुपवर फिरणारा एक निरोप असा: “सावधान! दूध पांढरं आणि घट्ट दिसावं म्हणून त्यात युरिया टाकतात. असं एक कप दूध किडनी निकामी करतं. स्टार्च म्हणजे तर विषच. दूध तळहातावर चोळा, फेस आला की डिटर्जंट आहे समजा. डब्ल्यूएचओने सांगितलंय, भेसळ थांबली नाही तर २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर होणार. आजच दूध बंद करा. सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

युरिया मराठवाड्यातल्या कुठल्याही घराला नवा नाही. कपाशीला टाकतो तो दाणा तांब्याभर पाण्यात विरघळवून बघा. पाणी नितळच राहतं, पांढरं होत नाही आणि दाटही होत नाही. दुधाचा पांढरेपणा असतो फॅटच्या बारीक थेंबांचा आणि केसीन या प्रथिनाच्या कणांचा. त्यांच्यावर उजेड पडून विखुरतो म्हणून दूध पांढरं दिसतं. त्यात युरियाचा काहीच वाटा नाही. तो डोळ्यांना फसवायला टाकतच नाहीत, मोजमापाला फसवायला टाकतात.

संकलन केंद्रावर दुधाचा दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून दुधात जे घन पदार्थ असतात त्यांच्यावर. गायीच्या दुधाचा भाव साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात आणि त्याखाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापतात. आता अशा दुधाच्या ४० लिटरच्या कॅनमध्ये कुणी १० लिटर पाणी ओतलं असं समजा. दूध ५० लिटर झालं, पण फॅट २.८ वर आणि एसएनएफ ६.८ वर आलं. लॅक्टोमीटर लगेच खाली बसतो आणि चोरी उघडी पडते. ती झाकायची तर पाण्यात काहीतरी विरघळवून घनता परत वर आणावी लागते. लॅक्टोमीटर फक्त घनता मोजतो, आत विरघळलंय ते लॅक्टोज आहे की मीठ, हे त्याला कळत नाही. केंद्रावरची साधी मशीनही इथे बऱ्याचदा फसते.

पण नुसती घनताच वाढवायची असेल तर मीठ किंवा साखर युरियापेक्षा जास्त कामाची. युरियाची खरी ‘किंमत’ त्याच्या नत्रात आहे. प्रयोगशाळेत प्रथिनं मोजायच्या जुन्या पद्धतीत दुधातलं एकूण नत्र काढतात आणि त्याला ६.३८ ने गुणतात. युरियात ४६ टक्के नत्र असतं, गोणीवरच छापलेलं असतं. म्हणजे एक ग्रॅम युरिया या हिशेबात जवळजवळ तीन ग्रॅम प्रथिन म्हणून मोजला जातो. वरच्या कॅनमध्ये प्रथिन ३.२ टक्के होतं असं धरलं तर पाण्यानंतर ते २.५६ उरलं. कागदावर ही तूट भरून काढायला लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास युरिया पुरतो. तेल, पाणी आणि साबण घुसळून केलेल्या बनावट दुधात युरिया हमखास सापडतो तो यामुळेच. तिथे प्रथिन जवळपास नसतंच.

आता किडनीचं. आपलं शरीर स्वतःच रोज २० ते ३० ग्रॅम युरिया तयार करतं आणि निरोगी किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. वरच्या उदाहरणातलं अर्धा लिटर दूध प्यायल्याने त्यात एक ग्रॅमची भर पडते. धडधाकट माणसाची किडनी एका कपाने निकामी होत नाही. मात्र ज्यांची किडनी आधीच अधू आहे त्यांच्या अंगात हा जास्तीचा युरिया साचत जातो, आणि तान्ह्या बाळाची किडनी अजून पुरती तयार नसते. या दोघांसाठी हे दूध खरोखर वाईट. शिवाय खताचा युरिया हा खाण्याचा पदार्थ नाही. त्यात बाययुरेटसारखी अशुद्धी असते, आणि २०१५ पासून देशातल्या खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्यामागे एक हेतू तो शेताबाहेर वळवला जाऊ नये हाही होता. पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. रोज अर्धा लिटर दूध पिणाऱ्या पोराला १६ ग्रॅम प्रथिन मिळायला हवं तिथे १३ सुद्धा मिळत नाही. बनावट दुधात तर नावालाही मिळत नाही. पोर दूध पितंय म्हणून आई निश्चिंत असते आणि पोराच्या अंगाला काहीच लागत नाही.

‘दुधात युरिया सापडला’ एवढ्यावरून कुणाला चोरही ठरवू नका. प्रत्येक जनावराच्या दुधात युरिया निसर्गतःच असतो. म्हणून अन्नसुरक्षा नियमांत लिटरला ७०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पेंड जास्त झाली तरी हा आकडा वाढतो. दुष्काळात कडब्यावर युरियाची प्रक्रिया करतात, १०० किलो वाळल्या चाऱ्याला ४ किलो. ती पद्धत शास्त्रीय आहे आणि भेसळीशी तिचा संबंध नाही. तसंच मार्च ते मे या दिवसांत हिरवा चारा संपला, ऊन वाढलं की पाण्याचा थेंब न घालताही एसएनएफ ८.५ च्या खाली येतं. त्या कपातीने मेटाकुटीला आलेला दूधवाला आणि युरिया टाकणारा दलाल हे दोन वेगळे लोक आहेत.

घरी बघायचं असेल तर आपल्याकडे साधन घरातच आहे. सोयाबीन किंवा तूर, पण कच्ची. भाजलेल्या दाण्यातलं युरिएज हे विकर मरून जातं. एक चमचा दुधात अर्धा चमचा पीठ घालून हलवा, पाच मिनिटांनी लाल लिटमस कागद बुडवा. अर्ध्या मिनिटात कागद निळा झाला तर युरियाचा संशय धरा. त्याआधी एक कागद नुसत्या दुधात बुडवून बघायचाच. तो तिथेच निळा झाला तर दुधात सोडा आहे, नासू नये म्हणून टाकलेला, आणि मग सोयाबीनच्या निकालाला अर्थ उरत नाही.

स्टार्चला विष म्हणणं म्हणजे भाकरीला विष म्हणणं. मैदा, आरारूट, साबुदाण्याचं पीठ हे सगळं स्टार्चच. ते दुधात जातं कारण पाणी घातलेलं दूध पातळ लागतं आणि शिजवलेला स्टार्च त्याला दाटपणा देतो, घन पदार्थही वाढवतो. नुसतं पीठ टाकलं तर ते भांड्याच्या तळाशी बसतं, म्हणून आधी शिजवून घेतात. भूम-परांड्याकडे खव्याच्या भट्ट्या आहेत, तिथे तर खवा किती पडला त्यावरच सगळा धंदा. त्यामुळे खव्यात स्टार्चची शंका दुधापेक्षा जास्त घ्यावी. तब्येतीला त्रास होतो तो दोघांना. तान्ह्या बाळाला पहिल्या काही महिन्यांत स्टार्च पचवणारा पाचकरस पुरेसा नसतो, त्याला जुलाब लागू शकतात. मधुमेही माणूस दुधाचा हिशेब धरून गोळी किंवा इन्सुलिन घेतो, आणि त्याच्या पोटात न मोजलेलं पीठ जातं. बाकीच्यांचं नुकसान इतकंच की दुधाच्या भावात पीठ घेतलं.

याची घरची तपासणी तिन्हींत सगळ्यात भरवशाची. थोडं दूध उकळून गार करा, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं किंवा निळसर काळं झालं तर स्टार्च आहे. गरम दुधात रंग उठत नाही, म्हणून गार होऊ द्यायचं. पण अलीकडे स्टार्चऐवजी माल्टोडेक्स्ट्रिन वापरतात. तोही स्टार्चपासूनच बनतो, पण आयोडीनने निळा होत नाही. तेव्हा रंग आला नाही म्हणून दूध शुद्ध, असं धरू नका.

तळहातावरचा फेस मात्र साफ चुकीचा. दुधातल्या प्रथिनांमुळे चांगल्या दुधालाही फेस येतो, धार काढताना चरवीत येतो तो काय साबणाचा असतो? डिटर्जंट टाकतात ते मुळात फेसासाठी नव्हे. फॅट मोजायच्या गर्बरच्या नळीत फॅट दिसावं म्हणून दुधात रिफाइंड तेल घातलं तर ते पाण्यावर तरंगतं. डिटर्जंटच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात पसरून राहतात आणि मघाशी सांगितलेला पांढरेपणा इथून येतो. म्हणजे निरोपात युरियाच्या नावावर घातलेलं काम खरं तर तेल आणि डिटर्जंटचं आहे.

आरोग्याच्या दृष्टीने या तिघांत मी डिटर्जंटलाच सगळ्यात वाईट म्हणेन, कारण शरीरात त्याचं काहीच काम नाही. तो जठर-आतड्याच्या आतल्या अस्तराला चुरचुरतो, मळमळ, उलटी, पोटदुखी, जुलाब होतात, आणि लहान पोराला जुलाबातून पाणी कमी होण्याचा धोका मोठ्यापेक्षा कितीतरी जास्त. घरी तपासताना दूध आणि तेवढंच पाणी बाटलीत घालून जोराने हलवा. साध्या दुधाचा फेस पातळ असतो आणि लवकर बसतो, डिटर्जंटचा दाट फेस टिकून राहतो. हाही अंदाजच. प्रयोगशाळेत मिथिलीन ब्ल्यू आणि क्लोरोफॉर्म वापरतात. डिटर्जंट असेल तर निळा रंग खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नीट न विसळलेल्या कॅनमधूनही दुधात साबणाचा अंश येतो. तोही पोटात जायला नको, पण तो निष्काळजीपणा आहे, बनावट दूध नव्हे.

कॅन्सरच्या ८७ टक्क्यांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने असं कधी सांगितलेलंच नाही. केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने २०२३ साली तसा जाहीर खुलासा केला. ‘एफएसएसएआय’ या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. जिवाला धोकादायक भेसळ १२ नमुन्यांत सापडली, त्यांतल्या दोनमध्ये युरिया आणि तीनमध्ये डिटर्जंट. हे नमुने ५० हजारांवर वस्तीच्या गावांतले होते, त्यामुळे वाडीवरच्या दुधाला किंवा खव्याच्या भट्टीला तो आकडा लावता येणार नाही. पण त्याच तपासणीत ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं. बुरशी आलेली पेंड किंवा मका जनावराने खाल्ला की त्यातून ते दुधात उतरतं, आणि कॅन्सरशी त्याचा संबंध खरोखर सिद्ध झालेला आहे. निरोप लिहिणाऱ्याला खरंच काळजी असती तर ओल्या गोदामातल्या सरकी पेंडीबद्दल त्याने दोन ओळी लिहिल्या असत्या.

उकळल्याने युरिया, स्टार्च, डिटर्जंट यांतलं काहीही निघून जात नाही. पण दूध बंद करण्यापेक्षा ज्या दुधाचा संशय येतो त्याचा नमुना द्या. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कुणीही ग्राहक फी भरून आपण विकत घेतलेलं दूध अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच तसं सांगावं लागतं, आणि भेसळ निघाली तर फी परत मिळते. नमुना स्वच्छ कोरड्या बाटलीत घ्या, बाटली साबणाने धुतली असेल तर चार-पाच वेळा विसळा, आणि पोहोचवेपर्यंत बर्फात ठेवा. नासलेल्या दुधावरून पक्का निकाल मिळत नाही.