आपण फक्त नंबर दिला होता

मित्राला बाथरूम नवं करून घ्यायचं होतं. तुम्ही एका कॉन्ट्रॅक्टरचा नंबर देऊन छातीठोकपणे म्हणालात, "आमचा माणूस आहे, डोळे झाकून काम दे." त्याने डोळे झाकले, काम दिलं आणि दोन महिन्यांत खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला पोपडे धरले. मित्राच्या बाथरूमचं व्हायचं ते होईल. तुमच्या नावाला ओल लागता कामा नये.

सुरुवात शब्दांपासून करा. "आमचा माणूस" आठवड्याभरात "ओळखीतला एक जण" झाला पाहिजे आणि महिनाअखेर "कुणाकडून तरी नंबर मिळाला होता बुवा." व्हॉट्सॲपवर तुम्ही नंबरासोबत तीन अंगठे पाठवलेत, ते आता डिलीट होत नाहीत. पण अंगठ्यांचा अर्थ काय काढायचा, हा शेवटी ज्याचा त्याचा प्रश्न.

मित्राचा फोन आला की तो बोलायच्या आत सांगून टाका, "आमच्याकडे तर उत्तम केलं हो त्याने!" हे अगदी खरं आहे. त्याने तुमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीला टाइल्स लावल्या आणि त्या सरळ लागल्या. जिथे रोज बादल्यांनी पाणी पडतं तिथलं वॉटरप्रूफिंग त्याने तुमच्याकडे केलेलंच नाही, ही माहिती कुणी मागितली नव्हती. तेव्हाच "टाइल्सचं काम पाहिलंय, बाकीचं तू तपासून घे" असं म्हणाला असतात, तर त्याने आणखी दोघांना विचारलं असतं. मग शिफारशीचा रुबाब तो काय राहिला?

मित्र विचारेल, फरशी घालण्याआधी पाणी भरून ठेवायला हवं होतं ना? या विषयाला फाटे फोडा. कारण ही चाचणी फारच सोपी आहे. वॉटरप्रूफिंगचा थर वाळला की नहाणीचं पाणी वाहून जाण्याचं तोंड घट्ट बंद करायचं, दोनेक इंच पाणी भरायचं, पातळीवर भिंतीला पेन्सिलीने रेघ मारायची आणि 48 तास तिथे पाय ठेवायचा नाही. मग रेघ पाहायची आणि खाली जाऊन काकूंचं छत पाहायचं. तुमच्या माणसाने संध्याकाळी केमिकलचा हात मारला आणि सकाळी फरशी घातली. दोन दिवस मजूर बसवून ठेवायचे म्हणजे रोज कोण देणार? मित्राने हटकलं तेव्हा तो म्हणाला होता, "साहेबांनी पाठवलंय, काळजी कसली?" ते साहेब म्हणजे तुम्ही.

काहीही झालं तरी गळती बघायला जाऊ नका. गेलात की डोकं चालायला लागेल. तुम्ही म्हणाल, बाथरूम चार-पाच दिवस बंद ठेवून बघू. तरीही खाली थेंब त्याच वेगाने पडत राहिले, तर दोष बहुधा पाणी आणणाऱ्या पाइपच्या जोडात. हळूहळू कमी झाले, तर नहाणीच्या तोंडाभोवती, निचऱ्याच्या पाइपात किंवा त्या एका रात्रीच्या थरात. (स्लॅबने प्यायलेलं पाणी झिरपायला वेळ घेतं, म्हणून एका दिवसात निकाल लावायचा नाही.) दोष नुसत्या जोडात निघाला, तर चार फरशा काढून भागेल, सगळं बाथरूम फोडावं लागणार नाही. आणि मित्र कुठेतरी म्हणेल, "हा आला म्हणून निभावलं." अशी ख्याती फार महागात पडते, पुढच्या गळतीलाही तुम्हालाच बोलावतील.

कॉन्ट्रॅक्टरला फोन तर चुकूनही करू नका. तो मित्राचा फोन उचलत नाही. तुमचा उचलेल, कारण पुढची कामं तुमच्याकडून यायची आहेत. म्हणजे त्याच्यावर वजन असलेले तुम्ही एकटेच, आणि हे वजन खर्ची घालायचं नसतं. मित्राच्या हातातही एक दोरी होती. शेवटचा हप्ता पहिला महिनाभर अडकवून ठेवता आला असता. पण "गरीब माणूस आहे, पैसे अडकवू नकोस" असं तुम्हीच सांगितलंत आणि बिलाचा आग्रह धरला तेव्हा "आपल्यात कसलं बिल!" हेही तुमचंच. त्यामुळे आता काकूंचं छत रंगवायचा खर्च मित्र एकटा करतोय. तुम्ही अर्धा देऊ केलात, तर ती चक्क कबुली होईल. त्यापेक्षा बाहेर भेटाल तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणा, "हल्ली चांगली माणसंच मिळत नाहीत रे."

चार दिवसांनी कॉन्ट्रॅक्टरच तुम्हाला फोन करील. तो मात्र पहिल्या रिंगला उचला. तुमची बाल्कनी त्याने निम्म्या मजुरीत करून द्यायचं कबूल केलंय.