पाव सेकंद खाणारं मशीन

तक्रार एका ओळीची होती: "मशीन कधी कधी लवकर उघडतं." यातला "कधी कधी" हा शब्द ज्याच्या वाट्याला येतो, त्याची झोप उडते. कायम लवकर उघडत असतं तर दुरुस्त केलं असतं. कधीच लवकर उघडत नसतं तर तक्रारच आली नसती.

मशीन प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं बंद करण्याचं. बटण दाबलं की दोन जबडे मिटतात, तीन सेकंद गरम होऊन दाबून धरतात आणि उघडतात. आत एटीमेगा328पी, 16 मेगाहर्ट्झवर चालणारा आठ-बिट प्रोसेसर. प्रोग्राम आमच्या आधी इथे असलेल्या कुणीतरी लिहिलेला, आणि लिहून तो गृहस्थ नोकरी बदलून मोकळा झालेला. शेकड्यांनी पिशव्या नीट निघायच्या आणि मधेच एखादी अशी निघायची की उचलल्याबरोबर तिचं तोंड उघडायचं.

साहेबांचं निदान तयार होतं. "रिले खराब असेल." रिले बदलला. "मग सप्लाय असेल." सप्लायवर कपॅसिटर चढवले. "अर्थिंग बघितलं का?" अर्थिंगही बघितलं. हार्डवेअरवाल्यांनी तोवर माझ्याकडे बोट दाखवायला सुरुवात केली होती, म्हणून मी प्रोग्राम उघडला. तो इतका साधा होता की संशय घ्यायलाच लाज वाटावी. टायमरचा इंटरप्ट, म्हणजे चालू काम मधेच अडवून घुसणारा छोटा प्रोग्राम, दर मिलिसेकंदाला येतो आणि `remaining` शून्य नसेल तर ते एकने कमी करतो. मेन लूप सुरुवातीला त्यात 3000 भरतो आणि ते शून्य होईपर्यंत फिरत राहतो. मधल्या वेळात थांबण्याचं बटण बघतो, डिस्प्ले रंगवतो.

"यात चुकण्यासारखं आहेच काय?" टेस्टिंगवाली म्हणाली. "आणि `volatile` पण लिहिलंय."

हो, लिहिलं होतं. आमच्या धंद्यात `volatile` लिहिलं की निम्म्या लोकांना आपण पापमुक्त झालो असं वाटतं. `volatile` कंपायलरला एवढंच बजावतं की दर वेळी मेमरीत जाऊन बघ, जुन्या किमतीवर भागवू नकोस. ते नसतं तर लूप पहिल्या वाचनालाच धरून बसला असता आणि जबडे कधीच उघडले नसते. पण जाऊन बघायला किती फेऱ्या लागतात आणि त्या फेऱ्यांच्या मधे कोण घुसतं, याची हमी `volatile` देत नाही.

पहिला धागा ऑसिलोस्कोपवर मिळाला. चांगल्या पिशवीचा पल्स 2999 ते 3000 मिलिसेकंदांच्या मधे. आम्ही पिशव्यांवर पिशव्या शिवत बसलो आणि अखेर एक वाईट पल्स पकडला: 2745 च्या जरा अलीकडे. दुसऱ्या वाईट पिशवीलाही तेच. चांगल्यातून वाईट वजा केला तर उत्तर 255 च्या आसपास. इथे माझे कान टवकारले. रिले खराब असता तर त्याने कधी 100 मिलिसेकंद खाल्ले असते, कधी 400. दर वेळी मोजून 255 खाणारा रिले अजून कुठल्याच कारखान्यात बनलेला नाही. 255 आणि 256 ही बाइटच्या हद्दीवरची गावं.

मग `avr-gcc` ने त्या `while (remaining)` चं काय केलंय ते उघडून बघितलं:

```
lds  r24, remaining
lds  r25, remaining+1
or   r24, r25
brne loop
```

प्रोसेसर आठ बिटांचा, आकडा सोळा बिटांचा. म्हणून आधी खालची बाइट आणायची, मग वरची, दोन्ही मिळून शून्य आहेत का ते बघायचं. आता `remaining` मध्ये 256 आहे असं समजा, म्हणजे 0x0100. मेन लूप खालची बाइट आणतो: 00. नेमका याच क्षणी इंटरप्ट येतो, एक कमी करतो आणि मेमरीत 0x00FF होतं. इंटरप्ट परत जातो. मेन लूप जिथे थांबला होता तिथून पुढे निघतो आणि वरची बाइट आणतो: 00. खालची 00, वरची 00. वेळ संपली! मेमरीत त्या घडीला 255 आहे, त्याआधी 256 होतं, शून्य तिथे कधी नव्हतंच. उलट मोजणाऱ्या घड्याळावर एक तास शून्य मिनिटं असताना तुम्ही आधी मिनिटं वाचावीत, तेवढ्यात काटा सरकून शून्य तास एकोणसाठ मिनिटं व्हावीत, मग तुम्ही तास वाचावेत आणि "शून्य तास शून्य मिनिटं" असं जाहीर करून घरी जावं, तसं.

512 वरून 511 होताना, 768 वरून 767 होतानाही हाच घोळ होतो, पण तिथे चुकीचा आकडा शून्य नसतो, त्यामुळे लूपला काही कळत नाही. प्रत्येक पिशवीमागे घातक क्षण एकच.

आता टेस्टिंगवालीचा प्रश्न रास्त होता. "मग दर पिशवीला का नाही होत?" कारण इंटरप्टला त्या दोन `lds` च्या मधोमध उतरण्यासाठी फट मिळते दोन सायकलची. लूपची एक फेरी बटण आणि डिस्प्ले धरून साधारण 1400 सायकलची. म्हणजे सातशे पिशव्यांत एक. तिने आपल्या नोंदवहीकडे बघून मान डोलावली. तिचं रडगाणं एवढे दिवस आकड्यानिशी बरोबर होतं.

खरं हसू आलं ते आमच्या आधीच्या तपासाचं. लूपमध्ये प्रत्येक फेरीला `remaining` सिरियल पोर्टवर छापून बघण्याचा उद्योग आधी झाला होता, आणि छापायला लागलं की मशीन गुणी बाळासारखं वागायचं. साहजिक होतं. 9600 बॉडला दहा अक्षरं जाईपर्यंत थांबायचं म्हणजे दहा मिलिसेकंद, म्हणजे फेरी एक लाख अडुसष्ट हजार सायकलच्या घरात. फट दोनच सायकलची. सातशेतली एक पिशवी 84,000 तली एक झाली होती, आणि छापणारा भला माणूस "आता बरं आहे" असं लिहून गेला होता.

घोळ पकडायचा उपाय उलटा. मी लूपमधलं सगळं काढून टाकलं. उरल्या त्या वरच्या चार सूचना, सात सायकलच्या. बटण माणूस दाबतो, त्यामुळे लूप कुठे असताना टायमरचा टिक पडेल याचा नेम नाही. सातांतल्या दोन सायकल वाईट. दर तीन-चार दाबण्यांमागे एकदा जबडे लवकर उघडू लागले आणि मी आनंदाने ओरडलो. शेजारच्या टेबलावरच्याला वाटलं, दुरुस्त झालं.

दुरुस्तीला एवढं पुरतं:

```c
uint16_t t;
ATOMIC_BLOCK(ATOMIC_RESTORESTATE) {
    t = remaining;
}
```

ही सोय `<util/atomic.h>` मध्ये आहे. दोन बाइट आणेपर्यंत इंटरप्ट बंद, मग पूर्वी जसे होते तसे. "पूर्वी जसे होते तसे" हे महत्त्वाचं. इंटरप्ट बंद करायला नुसतं `cli()` आणि शेवटी चालू करायला `sei()` लिहिणारे असतात, आणि इंटरप्ट आधीच बंद असलेल्या जागेवरून कुणी हे फंक्शन हाकललं की `sei()` दुसऱ्याचं दार उघडून मोकळं होतं.

साहेबांनी हरकत घेतली. "इंटरप्ट बंद केला तर टिक हुकेल, आणि आता मशीन उशिरा उघडेल." हुकत नाही. टायमरचा फ्लॅग उभा राहतो आणि दार उघडल्याबरोबर इंटरप्ट आत येतो. बंदीचा काळ सात-आठ सायकल, अर्धा मायक्रोसेकंद. फक्त तो फ्लॅग एकच टिक लक्षात ठेवतो. बंद दाराआड एक मिलिसेकंदाहून जास्त वेळ डिस्प्ले रंगवत बसलात तर साहेबांचं भाकीत खरं ठरेल.

मशीन रवाना झालं. तक्रार बंद झाली. आणि मग पुन्हा आली: "लवकर उघडतं, पण आता फार क्वचित." पल्स? 2744 मिलिसेकंद.

त्या दुपारी ऑसिलोस्कोप खिडकीतून फेकायचा विचार मनात येऊन गेला. वाचन तर मी कुलूपबंद केलं होतं. मग लिहिण्याकडे बघितलं. 3000 म्हणजे 0x0BB8. तेसुद्धा दोन फेऱ्यांत लिहिलं जातं, आणि आमचा कंपायलर लिहिताना वरची बाइट आधी टाकतो. (सोळा-बिट टायमरच्या रजिस्टरांना डेटाशीटप्रमाणे तसंच लागतं: लिहिताना वरची आधी, वाचताना खालची आधी.) तर वर 0B पडलं, खाली अजून जुनं 00. मधेच इंटरप्ट. त्याला दिसलं 0x0B00. इमानदारीत एक कमी करून त्याने 0x0AFF करून ठेवलं. मेन लूप परतला आणि खाली B8 टाकलं. झालं 0x0AB8. दशमानात मांडून बघा: 2744.

दोन वेगळे घोळ, एक सुरुवातीला, एक शेवटी, आणि स्कोपवर दोघांचा चेहरा सारखा! हा दुसरा तर पिशवीमागे एकदाच होणाऱ्या लेखनात, 16,000 सायकलमधल्या दोन सायकलच्या फटीत. आठ हजारांत एक. पहिल्याच्या गर्दीत तो कुणाला दिसणार होता? लेखनाभोवतीही तीच चौकट घातली.

एवढं सगळं फळ्यावर काढून दाखवल्यावर साहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, पण मिलिसेकंदाला मोजायचंच कशाला? वीस मिलिसेकंदांनी मोजा. दीडशे टिक. एका बाइटमध्ये बसतात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते बरोबर होते. एक बाइट एका सूचनेत वाचली जाते, एका सूचनेत लिहिली जाते, मधे फटच नाही. आणि पिशवीला वीस मिलिसेकंदांचा फरक कळत नाही. `remaining` आता `uint8_t` आहे आणि दोन्ही चौकटी निघाल्या.

"आता एक करा," साहेब खुशीत म्हणाले, "जाड पिशवी असेल तर बटण दाबून धरल्यावर मधेच वेळ थोडा वाढायला हवा."

म्हणजे मेन लूपमध्ये `remaining += 10;`. बाइट एक असली तरी आणणं, मिळवणं आणि परत ठेवणं या तीन सूचना झाल्या, आणि मधे टिक आला तर त्याची वजाबाकी पुसली जाणार. साहेबांचं वाक्य संपायच्या आत मी `ATOMIC_BLOCK` टाईप केलेलं होतं.

"हे काय, परत घातलंत?" साहेब म्हणाले. "एका बाइटला लागत नाही म्हणालात ना?"

मी फळा पुसायला घेतला.