ब्लोअरचा दणका: पट्टा की बेअरिंग?

एका वाचकाने त्याच्या ब्लोअरच्या दणक्याचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पाठवला होता, आणि बेअरिंग नाही, पट्टा गेलाय असं मी सांगितलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया: «मोबाईलच्या व्हिडिओवरून ‘बेअरिंग नाही, पट्टा गेलाय’ असं सांगणं मला धोक्याचं वाटतं. कॅमेरा सेकंदाला 30 चित्रं घेतो, त्यात कंपन खोटंच दिसतं. व्हायब्रेशन मीटर लावल्याशिवाय असं निदान करू नये. लोक उगाच पार्ट बदलत बसतील.»

कॅमेऱ्याबद्दल तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. त्या ब्लोअरची मोटर 1440 आरपीएमची, म्हणजे सेकंदाला 24 फेरे. 30 चित्रांच्या व्हिडिओत तिचं हलणं सेकंदाला सहा वेळाच दिसतं, आणि पुलीवर खूण असेल तर ती उलटी फिरताना दिसते. म्हणून चित्रातल्या थरथरीवरून मी काहीच मोजलं नाही. मोजलं ते आवाजावरून. कॅमेरा सेकंदाला 30 चित्रं घेतो, पण माईक त्याच सेकंदात आवाजाचे साधारण 48,000 नमुने घेतो. दणक्यांमधलं अंतर मोजायला ते भरपूर झालं.

व्हिडिओतला आवाज वेगळा काढून त्याचा आलेख पाहिला, तर दर 0.21 सेकंदाला एक उंच टोक दिसत होतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम पावणेपाच दणके. मोटरच्या एका फेऱ्याला 0.042 सेकंद लागतात. मोटरची पुली 125 मिमी आणि फॅनची 250 मिमी असल्यामुळे फॅन 720 आरपीएमने फिरतो आणि त्याच्या फेऱ्याला 0.083 सेकंद लागतात. फॅनचं बॅलन्स गेलेलं असतं किंवा पुली वाकडी असती, तर दणका त्या त्या फेऱ्यागणिक आला असता. पट्ट्याचा वेग निघतो 3.14 × 0.125 × 24, म्हणजे सेकंदाला सुमारे 9.4 मीटर. पट्टा 2 मीटर लांबीचा, म्हणजे सेकंदाला 4.7 फेरे. आकडा जुळला.

पण एवढ्यावर मी पट्ट्याचं नाव घेतलं नसतं, आणि तुमच्या शंकेत खरा दम आहे तो इथे. बेअरिंगमधल्या गोळ्यांना जागेवर धरणारा केज शाफ्टच्या वेगाच्या साधारण 0.4 पट वेगाने फिरतो. फॅनच्या 12 फेऱ्यांचे 0.4 पट म्हणजे 4.8. तुटका केजही जवळजवळ याच तालात ठोके देऊ शकतो, आणि नुसत्या कानाला 4.7 आणि 4.8 मधला फरक कळणार नाही.

म्हणून त्या वाचकाला दुसरा व्हिडिओ काढायला सांगितलं. मेन स्विच बंद करून गार्ड काढायचं, पट्ट्याच्या पाठीवर खडूची एक आडवी जाड रेघ मारायची, गार्ड परत बसवायचं आणि मगच मशीन चालू करून जाळीतून 240 फ्रेमचा स्लो मोशन घ्यायचा. (गार्ड काढून चालत्या पट्ट्याचा व्हिडिओ कोणीही घेऊ नका.) दणका पट्ट्याचा असेल तर प्रत्येक वेळी रेघ त्याच जागी असायला हवी. केजचा असेल तर दहा सेकंदांत सुमारे 48 ठोके आणि पट्ट्याचे 47 फेरे होतात, म्हणजे ठोक्याच्या वेळची रेघेची जागा सरकत सरकत एक पूर्ण फेरा मारते. इथे रेघ दर वेळी मोटरच्या पुलीत शिरतानाच दणका येत होता. शेवटपर्यंत जागा हलली नाही.

त्यानंतर पट्टा उतरवला. रेघेपासून चार बोटांवर कडेचं कापड सुटून त्याचा पापुद्रा दुमडून बसला होता. तेवढाच भाग खाचेत नीट न बसता वर उचलला जायचा. पट्टा नसताना नुसती मोटर चालवली, फॅन हाताने फिरवून बघितला. दोन्ही गुळगुळीत होते.

आता मीटरबद्दल. वर्कशॉपमध्ये वापरतात ते साधे हातातले मीटर बहुतेक 10 ते 1000 हर्ट्झमधलं कंपन मोजून मिमी प्रति सेकंद असा एकच आकडा देतात. 4.7 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 4.7 वेळा येणारा ताल त्या टप्प्याच्या बाहेरच पडतो. दणक्याच्या वरच्या पटींमुळे आकडा थोडा वाढेल, पण तो का वाढला हे मीटर सांगणार नाही. स्पेक्ट्रम दाखवणारा अ‍ॅनलायझर असेल तर गोष्ट वेगळी.

उलट काही कामं फोनकडून होतच नाहीत. फोन आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो, एकसारखी घरघर गाळून टाकतो. त्यामुळे ‘मागच्या महिन्यापेक्षा आवाज वाढलाय का’ हे दोन व्हिडिओ शेजारी ठेवून ठरवता येत नाही. बेअरिंगच्या खराबीची अगदी सुरुवात वर्कशॉपच्या गोंगाटात माईकला ऐकू येत नाही. आणि मशीन चालू ठेवण्याइतपत कंपन आहे की नाही, हे मीटरनेच ठरवायचं. त्या ब्लोअरला नवा पट्टा चढवल्यावर फॅनच्या दोन्ही बेअरिंग हाउसिंगवर, आडवं आणि उभं, असं रीडिंग घेऊन लिहून ठेवायला मी सांगितलं आहे. फॅनचे 12 हर्ट्झ मीटरच्या टप्प्यात येतात.

तुमच्याकडे असा एखादा दणका असेल तर दोन्ही पुल्यांचा व्यास, मोटरचा आरपीएम आणि पट्ट्याची लांबी व्हिडिओबरोबर पाठवा. नुसत्या व्हिडिओवरून मीही काही सांगणार नाही.