अनुभव मोजू नका, तपासा

“दादा, नऊ वर्षं सीएनसी लेथ मशीनवर काढली, तरी आयटीआय नाही म्हणून अर्ज कुणी वाचलाच नाही. तुमच्या जर्मनीत असं होतं का?” चाकणला काम करणाऱ्या मावसभावाने विचारलं.

होतं. कागदाचा आग्रह इथे उलट जास्तच आहे. त्याचा मित्र म्हणतो, जर्मनीत पदवी लागत नाही. नोव्हेंबर 2023 पासून आयटीवाल्यांना अनुभवाच्या जोरावर ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, मिळू शकतं, तेवढ्यापुरतं त्याचं खरं आहे. लेथवाल्याला ती वाट नाही.

त्याच्यासाठी दुसरी आहे. सीएनसी कारागिराचं प्रशिक्षण इथे साडेतीन वर्षांचं. ते न घेता त्याच्या दीडपट काळ, म्हणजे सव्वापाच वर्षं, तेच काम केलेलं असेल तर शिकाऊ मुलांच्याच अंतिम परीक्षेला थेट बसता येतं. परदेशातला अनुभवही विचारात घेतात.

आमच्या श्टुटगार्टजवळच्या कारखान्यातल्या एका तुर्की सहकाऱ्याने ती परीक्षा दिली. परीक्षा घेणाऱ्या उद्योग मंडळाने त्याला वर्षं विचारलीच, पण खोदून विचारलं ते काम. ड्रॉइंग वाचून सेटिंग कोण करायचं? टूल ऑफसेट कोण बदलायचं? पहिला नग कोण तपासायचं? सात वर्षांपैकी पहिलं वर्ष नुसते नग लावण्या-काढण्यात गेलं होतं, ते धरलं नाही. उरलेली सहा पुरली. प्रात्यक्षिकात तो सहज निघाला, लेखी परीक्षेत मात्र अडकला. मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगणाऱ्या माणसाला कटिंग स्पीडचं गणित जर्मनमध्ये मांडता येईना. दुसऱ्या खेपेला पास झाला.

माझे मेहुणे पुण्यात एचआरमध्ये आहेत. ते म्हणतात, “एका जागेला ढीगभर अर्ज येतात. प्रत्येकाचा अनुभव कोण तपासत बसणार?” अडचण खरी आहे. पण मग जाहिरातीत ‘किंवा समकक्ष अनुभव’ लिहू नये. लिहायचं आणि तपासायचं नाही, हा उमेदवारावर अन्याय आहे. आत्या मात्र दुखावल्या: “म्हणजे आमच्या पोराने इंजिनिअरिंगची चार वर्षं वाया घालवली?” तसं कोण म्हणतंय?

मला खटकतो तो आपल्याकडचा अनुभवाचा दाखला. ‘अमुक तारखेपासून तमुकपर्यंत कामावर होते, वर्तणूक चांगली.’ यावरून मशीन सेट करणारा सेटर आणि नुसते नग लावणारा-काढणारा ऑपरेटर वेगळे कसे काढणार? इथे नोकरी सोडताना केलेल्या कामाचं सविस्तर वर्णन लेखी मागण्याचा कामगाराला कायद्याने हक्क आहे. त्या कागदाशिवाय सव्वापाच वर्षांचा नियमही निरुपयोगी ठरला असता.

अनुभवी कामगाराला आयटीआयच्या ट्रेड परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसायची सोय आपल्याकडेही आहे. भावाला ठाऊकच नव्हती. ते प्रमाणपत्र त्याची कंपनी नियमित आयटीआयच्या बरोबरीने धरेल का, हे मेहुण्यांनाही सांगता आलं नाही. त्याला एवढंच सांगितलंय की मशीनचं नाव, कंट्रोलर, स्वतः केलेलं सेटिंग आणि सांभाळलेला टॉलरन्स, सगळं सुपरवायझरच्या सहीने आताच लिहून घे. ते साहेब मार्चमध्ये निवृत्त होतायत.