रजेचा अर्ज असा लिहा की फोन वाजत राहिला पाहिजे

ऑपरेशन ठरलंय, दीड महिना घरी बसायचंय आणि तुम्ही रजेचा अर्ज लिहायला घेतलाय? मग आधी एक सांगा, त्या दीड महिन्यात ऑफिसने तुमची आठवण काढावी असं वाटतं की नाही? वाटत असेल तर माझं ऐका. मी गेल्या वर्षी असा अर्ज लिहिला होता की शुद्धीवर आल्या आल्या पहिला आवाज कानावर पडला तो नर्सचा नव्हे, आमच्या साहेबांचा. त्यांना एक फाईल सापडत नव्हती.

सुरुवात भरघोस करा. ‘सविनय नमस्कार विनंती विशेष’ हवंच. पुढे ‘आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की’ आणि मग संस्थेत आपण किती वर्षं निष्ठेने सेवा केली याचा एक परिच्छेद. तारीख पहिल्या पानावर येता कामा नये. साहेबांना एका दिवसात असे पाच-सहा कागद वाचायचे असतात, ते विषयाची ओळ वाचतात आणि सही करतात. त्या ओळीत तारखा घातल्यात तर तुमचा बाकीचा मजकूर वाचणार कोण? विषय नुसता ‘रजेबाबत’ असावा. यात सगळं येतं आणि काहीच कळत नाही.

तारखांबद्दल माझा अनुभव दांडगा आहे. मी लिहिलं होतं, ‘येत्या सोमवारपासून अंदाजे दीड महिना.’ अर्ज दिला गुरुवारी, साहेबांच्या टेबलावरून तो हलला पुढच्या मंगळवारी. आस्थापना विभागाने ‘येता सोमवार’ त्या मंगळवारपासून मोजला. पगारपत्रक करणाऱ्याने दीड महिन्याचे पंचेचाळीस दिवस धरले. डॉक्टरांनी सहा आठवडे लिहिले होते, म्हणजे बेचाळीस. मी नक्की कधी गेलो आणि कधी परतलो यावर तीन टेबलांची तीन मतं झाली, आणि तिन्ही मतं माझ्या पगारातून कापून झाली. ते निस्तरायला मी रुजू झाल्यावर दोन महिने लागले. तेवढे दिवस माझं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं.

याउलट आमच्याकडच्या एका लेखापालाने काय केलं ते ऐका. त्यांची माझी रजा दोन महिन्यांच्या अंतराने, ऑपरेशनही एकाच गुडघ्याचं. त्यांचा अर्ज एका पानात संपला होता, त्यातही खाली निम्मं पान रिकामं. इतका कोरडा कागद मी पाहिला नव्हता. विषयातच लिहिलं होतं, ‘वैद्यकीय रजा, सोमवार २ जून ते सोमवार १४ जुलै, दोन्ही दिवस धरून ४३ दिवस, त्यांपैकी कामाचे ३१.’ खाली कारण: ‘गुडघ्यावर शस्त्रक्रिया व त्यानंतरची विश्रांती. २ जूनला दाखल व्हायचे आहे, शस्त्रक्रिया ३ जूनला. त्या दिवसापासून सहा आठवडे विश्रांती डॉक्टरांनी सांगितली आहे. प्रमाणपत्र जोडले आहे. मंगळवार १५ जुलैला रुजू होईन.’ संपलं. ना खेद, ना निष्ठा.

माणूस किती खोडसाळ असावा बघा. ४३ आणि ३१ असे दोन्ही आकडे का लिहिले विचारलं तर म्हणाले, ‘मधले शनिवार-रविवार रजेत धरायचे की नाही हे ज्या त्या ठिकाणचा नियम ठरवतो. मी दोन्ही मोजून दिले, ज्यांना जो हवा तो त्यांनी घ्यावा.’ म्हणजे आस्थापना विभागाचं भांडणाचं साधनच काढून घेतलं! त्यातही त्यांनी पहिल्या कच्च्या अर्जात १३ जुलै लिहिलं होतं, २ जूनपासून सहा आठवडे मोजून. मग प्रमाणपत्र शेजारी ठेवून बघितलं तर डॉक्टरांचे सहा आठवडे ३ जूनपासून सुरू होत होते आणि १४ जुलैला संपत होते. अर्जात एक तारीख, प्रमाणपत्रात दुसरी, आणि १४ तारीख अधांतरी. तो एक दिवस तसाच राहू दिला असता तर ‘विनापरवाना गैरहजर’ असा छान शेरा मिळाला असता. यांनी तो दुरुस्त केला. संधी वाया घालवणं म्हणतात ते हेच.

आता कारण. इथे दोन उत्तम मार्ग आहेत. पहिला, ‘काही अपरिहार्य कारणास्तव.’ हे वाचलं की ऑफिसात जी चर्चा सुरू होते तिला तोड नाही. कुणी म्हणतं दुसरीकडे मुलाखती देतोय, कुणी म्हणतं घरात काहीतरी झालंय. दुसरा मार्ग मी धरला होता. सगळा इतिहास लिहायचा. कधी घसरलो, सूज किती, तपासणीच्या अहवालातला इंग्रजी मजकूर जसाच्या तसा. तुम्हाला वाटेल अर्ज साहेबच वाचतात. छे! तो साहेबांकडून आस्थापना विभागात जातो, तिथून पगारपत्रकाकडे, मग फायलीत, आणि प्रत्येक टेबलावर थोडा वेळ उघडा पडतो. मी परतलो तेव्हा चहा आणणाऱ्या मुलानेही मला जिना चढताना कोणता पाय आधी टाकायचा ते सांगितलं. लेखापालांच्या कागदावर काय होतं? फक्त एवढंच, की शस्त्रक्रिया आहे, इतके दिवस काम करता येणार नाही. पुढचा तपशील प्रमाणपत्रात, आणि तो कागद बंद पाकिटात थेट आस्थापना विभागाकडे. आजाराचं नाव कुणाला किती सांगायचं हे त्यांनी आधी विचारूनही घेतलं होतं. चवीने बोलायला लोकांना काही उरलंच नाही.

पण खरा रंग भरतो तो कामाच्या सोपवणुकीत. माझं वाक्य पाठ करून ठेवा: ‘माझ्या अनुपस्थितीत माझी कामे सहकारी पाहतील.’ या ‘सहकारी’ शब्दाची ताकद अफाट आहे. त्यात सगळे येतात, म्हणून कुणीच येत नाही. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आठव्या दिवशी एक पत्र मुदत उलटून पडून असल्याचं लक्षात आलं आणि मग फोनांना ऊत आला. पासवर्ड मी चिठ्ठीवर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. तो तीन जणांनी वापरला, त्यातल्या एकाने चुकीची नोंद केली, आणि ती नोंद यंत्रात माझ्या नावावर आहे. गुंगीच्या औषधात पलंगावर पडलेला माणूस त्याच दुपारी ऑफिसात नोंद करत होता, हे नंतर लेखी समजावणं हा वेगळाच आनंद असतो.

लेखापालांनी काय केलं? त्यांच्याकडची कामं तीनच ओळींत बसवली. पगारपत्रक: दर महिन्याच्या २५ तारखेपर्यंत, कनिष्ठ लेखापाल करतील, मे महिन्याचं रजेआधी पूर्ण होईल. पुरवठादारांची बिलं: दर शुक्रवारी, रोखपाल करतील, बारा बिलं बाकी, ती निळ्या फायलीत. लेखापरीक्षकांच्या शंका: उत्तराची मुदत २० जून, मसुदा तयार आहे, पाठवणार साहेब. प्रत्येक कामापुढे नाव, काम कुठवर आलंय ते, पुढची तारीख आणि कागद कुठे आहेत ते. आणि खाली त्या दोघांच्या सह्या! म्हणजे आधी विचारलं होतं. नाव वाचून चकित होण्याचा हक्कही यांनी लोकांना ठेवला नाही.

सही घेताना कनिष्ठ लेखापाल म्हणाले, ‘अहो, पण मी २५ ते २७ जून गावी आहे.’ पगारपत्रकाची तारीख नेमकी २५. माझ्यासारखा असता तर म्हणाला असता, बघू तेव्हा. यांनी लगेच ओळीत भर घातली, ‘जूनचे पगारपत्रक २४ तारखेला पूर्ण करून रोखपालांकडे तपासायला द्यावे.’ दुसरं नाव आधीच तयार.

आणखी एक गोष्ट तर मला आजही खटकते. बिलांवर अंतिम सही यांची असायची. मी असतो तर रोखपालांना सांगितलं असतं, ‘करा तुम्हीच, मी आहे ना.’ हे म्हणाले, सहीचा अधिकार माझा नाही, संस्थेने मला दिलेला आहे, तो तोंडी दुसऱ्याला देता येत नाही. साहेबांकडून लेखी आदेश घेतला आणि बँकेला नवी सही कळवायला वेळ लागतो म्हणून अर्ज रजेच्या तीन आठवडे आधी दिला. पासवर्ड कुणालाही नाही. ज्यांना लागेल त्यांच्या स्वतःच्या नावाने परवानगी काढून दिली, १४ जुलैपर्यंतची.

संपर्काबद्दल ‘गरज पडल्यास फोनवर उपलब्ध आहे’ हे वाक्य विसरू नका, हा माझ्या अर्जाचा प्राण होता. गरज कोण ठरवणार ते त्यात नाही, म्हणून ती सगळ्यांना पडते. त्यांचं वाक्य असं: ‘८ जूनपर्यंत संपर्क होणार नाही. त्यानंतर फक्त वरील तीन कामांपैकी काही अडल्यास ईमेल करावा, एक दिवसात उत्तर देईन. ७ जुलैला डॉक्टर तपासणार आहेत. रजा वाढवावी लागल्यास ८ जुलैला नव्या प्रमाणपत्रासह कळवीन.’ वाढवावी लागेल की नाही हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, पण कोणत्या दिवशी कळेल हे मात्र यांनी लिहून टाकलं. मी आपला रुजू व्हायच्या सकाळी साडेनऊला फोन करून सांगितलं होतं, ‘आज जमेल असं वाटत नाही.’

परिणाम व्हायचा तोच झाला. सहा आठवड्यांत लेखापालांना दोन ईमेल आले, त्यातला एक वाढदिवसाचा. १५ जुलैला हे कामावर हजर, हातात कामावर परतण्यास योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला, कारण तोही लागतो हे त्यांना आधीच माहीत. निळी फाईल परत घेतली, सहीच्या अधिकाराचा आदेश रद्द करून घेतला आणि खुर्चीवर बसले. अकराच्या सुमारास साहेब त्यांच्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, ‘काय हो, तुम्ही रजेवर कधी जाणार होतात?’