गिव्हअवे आहे की सबस्क्राइबर गोळा करायचं जाळं?

'एक लाख सबस्क्राइबर पूर्ण झाले की फोन देणार!' हे एखाद्या यूट्यूब चॅनेलवर ऐकलं की माझं डोकंच फिरतं. एक लाख कधी होणार? शेवटची तारीख नाही, नियम कुठे लिहिलेले नाहीत, विजेता कसा काढणार त्याचा पत्ता नाही. वर दमदाटी, सबस्क्राइब करा, लाइक करा, तरच नाव धरू. अहो, यूट्यूबचं स्पर्धांबद्दलचं धोरण एकदा तरी वाचा! भाग घेणं मोफत हवं, अधिकृत नियम जाहीर हवेत, यूट्यूब या स्पर्धेचा प्रायोजक नाही हे त्यात लिहायला हवं, आणि व्ह्यूज, लाइक, सबस्क्राइबरचे आकडे फुगवायला स्पर्धा वापरायची नाही. शिवाय ज्याने आपली सबस्क्रिप्शनं खासगी ठेवलीत, त्याने सबस्क्राइब केलंय की नाही हे तुम्ही पडताळणार कसं?

मग तो सोडतीचा तमाशा. शीटमध्ये RANDBETWEEN हे कुठलाही एक आकडा काढून देणारं सूत्र टाकायचं आणि आकडा दाखवायचा. ते सूत्र शीटमध्ये काहीही बदललं की नवा आकडा देतं. मित्राचा नंबर येईपर्यंत बटण दाबत बसलात तर आम्हाला कसं कळणार? एकाच माणसाच्या वीस कमेंट वीस चिठ्ठ्या म्हणून धरल्या जातात, ते वेगळंच.

सरळ करायचं तर अवघड काय आहे? मुदत संपली की प्रत्येक खात्याची एकच कमेंट ठेवा, क्रमांक घाला आणि यादी सोडतीआधी जाहीर करा. अमुक तारखेच्या सेन्सेक्सच्या बंद आकड्यावरून विजेता ठरेल, हेही आधीच सांगून टाका. समजा यादीत ४१२ नावं आहेत आणि सेन्सेक्स ८१२३४.५६ वर बंद झाला. टिंब काढा, ८१२३४५६ ला ४१२ ने भागा, बाकी ५२ उरते. त्यात एक मिळवला की ५३ वा क्रमांक विजेता. कोणीही घरबसल्या हिशेब करून बघू शकतो. हे करायला का पोटात दुखतं?

आणि फोनच कशाला हवा? सोडतीतलं बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की ३० टक्के टीडीएस लागतो. १८ हजारांच्या फोनवर ५४०० रुपये, आणि वस्तू देण्याआधी तो कर भरला गेलाय याची खात्री देणाऱ्याने करायची असते. तुम्ही स्वतः भरणार नसाल तर ते पैसे विजेत्याकडून मागावे लागतात. इकडे तुमचाच लोगो लावलेली खोटी खाती कमेंटखाली 'अभिनंदन, टेलिग्रामवर या' म्हणत कुरिअरचे पैसे उकळत असतात. बघणाऱ्याने खरं कोण आणि चोर कोण ओळखायचं कसं? पाच-सहा हजारांचा चांगला माइक द्या, आणि 'विजेत्याकडून आम्ही एक रुपयाही मागणार नाही' हे नियमांत पहिल्या ओळीत लिहा.