फोटोपुरती कवळी

माझ्या निवृत्तीच्या निरोपाचा फोटो मोठा करून घ्यायला परवा स्टुडिओत गेलो. पोराने प्रिंट हातात दिली. चेहरा माझा होता, पण ओठांच्या मधोमध ट्यूबलाइट पेटली होती.

"काका, दात लई पिवळे होते. साफ केले."

न विचारता! तीस वर्षं प्रेसमध्ये डीटीपी करताना प्यायलेल्या चहाची ती कमाई होती.

शेजारी आधारच्या झेरॉक्ससाठी थांबलेल्या काकू वाकून बघायला लागल्या. "कवळी कुठे केलीत हो?"

"माझेच दात आहेत."

"छान बसलीये पण. आमच्या ह्यांची बोलताना खाली येते."

"अहो, ते फोटोत केलंय."

"फोटोपुरती कवळी? अशीही मिळते?" मग पोराकडे वळून, "आमच्या ह्यांनापण एक लाव रे. आणि झेरॉक्स दोन्ही बाजूंनी."

माझ्यातला डीटीपीवाला खवळला. "ऊठ," म्हटलं, आणि मीच खुर्चीत बसलो. पोराने पांढरा ब्रश सरळ दातांवर फिरवला होता. दोन दातांमधल्या फटी बुजल्या, सावली गेली, उरली एक पट्टी. मुळात हॉलच्या हॅलोजनमुळे माझा पांढरा शर्टसुद्धा हळदीला बसल्यासारखा दिसत होता. मूळ फोटो फोटोशॉपमध्ये उघडून आधी शर्टावरून रंग जुळवला, तर दातांचा निम्मा पिवळेपणा तिथेच गेला. म्हणजे निम्मा गुन्हा मंडपवाल्याचा!

मग Hue/Saturation चा लेअर घेतला आणि यादीतून Yellows निवडून Saturation उणे ४५ वर आणलं. पोरगं म्हणालं, "पूर्ण उणे १०० करा ना." केलं. दात सिमेंटचे झाले. पिवळा सगळा काढला की पांढरा उरत नाही, राखाडी उरतो. परत ४५. Master वर जाऊन Lightness फक्त ८ वाढवलं, कारण जास्त वाढवलं की दात धुरकट दिसतात. Ctrl+I दाबून लेअरचा मास्क काळा केला, म्हणजे बदल सगळीकडे झाकला गेला, आणि तो उघडायला मऊ कडांच्या पांढऱ्या ब्रशने दातांपुरताच फिरवला, हिरड्यांना हात नाही. सुळे मुळातच जरा पिवळे असतात, त्यांच्यावरून हलकेच गेलो. दाढा सावलीत होत्या, तिथेच राहू दिल्या. शेवटी फोटो लहान करून पाहिला. दात डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा अजून उजळ होते. Opacity ७० वर आणली, तेव्हा कुठे मी मला भेटलो.

काकू अजून तिथेच. "आता तुमचे वाटतात," त्या म्हणाल्या. मी खूश. "पण थोडे पिवळे राहिले, नाही?"

पोराने बिल फाडलं. प्रिंट दोनशे, एडिटिंग शंभर.

"एडिटिंग मी केलं!"

"कॉम्प्युटर आमचा ना, काका."

दिले शंभर. दात दाबून.